चार्जर थांबतो, झीज थांबत नाही

"लॅपटॉप दिवसभर प्लगला लावून ठेवला तरी काही बिघडत नाही. १०० टक्के झाले की चार्जिंग आपोआप बंद होते. बॅटरी वापरलीच नाही तर झिजणार कशी? कंपन्यांनी सुरक्षेसाठी आतमध्ये जागा आधीच राखून ठेवलेली असते. ८० टक्क्यांची मर्यादा लावणे म्हणजे पैसे मोजून घेतलेल्या बॅटरीचा पाचवा हिस्सा आजच फुकट घालवणे."

लॅपटॉप सतत प्लगला ठेवण्याच्या समर्थनार्थ केल्या जाणाऱ्या या दाव्यातील पहिल्या मुद्द्याची, म्हणजे चार्जिंग आपोआप बंद होण्याची, वस्तुस्थिती खरी आहे, मात्र तिच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. बॅटरीचे नियंत्रण करणारी चिप ठरलेल्या व्होल्टेजला चार्जिंग थांबवते, त्यामुळे बॅटरीत प्रमाणाबाहेर वीज भरली जाण्याचा धोका टळतो. परंतु चार्जिंग थांबल्यावर सेल ज्या स्थितीत असतो, त्याच स्थितीत तो तासन्‌तास राहतो. सर्वसाधारण लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टला येतो आणि ८० टक्क्यांना साधारण ४ व्होल्टच्या आसपास असतो. हा फरक किरकोळ वाटतो, पण सेलच्या आत चालणाऱ्या नको असलेल्या रासायनिक क्रियांचा वेग याच शेवटच्या टप्प्यात झपाट्याने वाढतो. चार्जिंग थांबल्याने प्रवाह थांबतो; व्होल्टेज तेवढेच राहते, आणि इथे झीज व्होल्टेजमुळे होते.

ही झीज सेलच्या दोन्ही टोकांना होते. एका बाजूला ग्रॅफाइट असते आणि सेल भरताना लिथियम त्याच्या थरांमध्ये जाऊन बसते. भरलेल्या ग्रॅफाइटजवळ इलेक्ट्रोलाइट, म्हणजे दोन्ही टोकांमधला द्रव, रासायनिकदृष्ट्या स्थिर राहू शकत नाही; त्याचे विघटन होऊन ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा तयार होतो. कारखान्यात पहिल्यांदा चार्ज करतानाच तयार होणारा हा पापुद्रा आवश्यक असतो, कारण तोच पुढचे विघटन रोखतो. मात्र तो पूर्णपणे अभेद्य नसल्याने हळूहळू जाड होत जातो आणि वाढताना लिथियम स्वतःत अडकवून ठेवतो. असे अडकलेले लिथियम पुन्हा वीज वाहून नेण्याच्या कामी येत नाही, म्हणून क्षमता कायमची कमी होते. दुसऱ्या बाजूला निकेल, कोबाल्ट, मँगनीज यांसारख्या धातूंचे ऑक्साइड असते. सेल पूर्ण भरलेला असताना त्यातून बरेचसे लिथियम बाहेर गेलेले असते, त्यामुळे त्याची रचना कमकुवत होते, त्याच्या संपर्कातील इलेक्ट्रोलाइटचे ऑक्सिडीकरण होते, थोडा वायू निर्माण होतो आणि धातूचे अंश द्रवात विरघळू लागतात.

म्हणूनच 'वापरलीच नाही तर झिजणार कशी' हा प्रश्न मुळातच गैरसमजावर उभा आहे. बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते: चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांनी आणि नुसत्या काळाने. दिवसभर टेबलावर प्लगला असलेल्या लॅपटॉपच्या बाबतीत पहिला प्रकार जवळजवळ नसतो आणि दुसरा पूर्ण जोरात असतो. विंडोजवर हे स्वतः तपासता येते:

```
powercfg /batteryreport
```

तयार होणाऱ्या अहवालात `DESIGN CAPACITY`, `FULL CHARGE CAPACITY` आणि बहुतेक यंत्रांवर `CYCLE COUNT` दिसते. समजा मूळ क्षमता ५०,००० मिलीवॉट-तास आहे, आता पूर्ण भरल्यावर ३८,००० मिळतात आणि फेऱ्या मात्र ४०च झाल्या आहेत. म्हणजे २४ टक्के क्षमता गेली. ॲपल आपल्या अलीकडच्या मॅकबुकच्या बॅटरीसाठी १,००० फेऱ्यांपर्यंतचा हिशेब धरते. इतर उत्पादकांचा आकडा याहून बराच कमी धरला, तरी ४० फेऱ्यांनी निरोगी बॅटरीची इतकी क्षमता जाऊ शकत नाही. उरलेला संशयित म्हणजे भरलेल्या अवस्थेत गेलेला काळ, आणि त्याच्या जोडीला उष्णता.

उष्णतेचा मुद्दा मूळ दाव्यात आलाच नाही, आणि आपल्याकडे तर तो विसरून चालणारच नाही. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरील नेहमी उद्धृत होणाऱ्या तक्त्यानुसार, वर्षभर २५ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या बॅटरीत ४० टक्के चार्ज असेल तर ९६ टक्के क्षमता उरते आणि पूर्ण चार्ज असेल तर ८० टक्के. ४० अंशांना हेच आकडे ८५ आणि ६५ होतात. हे आकडे ढोबळ आहेत आणि सेलच्या प्रकारानुसार बदलतात, पण त्यांची दिशा निर्विवाद आहे. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात पंख्याखाली चालणाऱ्या लॅपटॉपच्या आत, प्रोसेसरला खेटून बसलेल्या बॅटरीसाठी ४० अंश ही मुळीच टोकाची कल्पना नव्हे.

राखीव जागेचा दावा विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींबाबत खरा आहे. फोन आणि लॅपटॉपच्या बाबतीत घडले ते नेमके उलट: त्याच आकारात जास्त क्षमता बसवण्यासाठी सेलची कमाल मर्यादा ४.२ वरून ४.३५, ४.४ आणि त्याहीवर नेली गेली. आपल्या सोयीसाठी राखून ठेवलेली जागा तिथे शोधू नये.

आता पाचवा हिस्सा फुकट जाण्याविषयी. मर्यादा लावल्याने क्षमता नष्ट होत नाही, ती फक्त बाजूला राहते. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढली की १०० टक्के मिळतात. वरच्या उदाहरणात गेलेले १२,००० मिलीवॉट-तास मात्र कोणत्याही सेटिंगने परत येणार नाहीत. शिवाय प्लगला असलेला लॅपटॉप ॲडॉप्टरवरच चालतो, तेव्हा त्या वेळी ते वीस टक्के कुणाला लागणार आहेत? लिनक्सवर, यंत्राच्या ड्रायव्हरमध्ये सोय असेल तर, मर्यादा अशी लावता येते (बॅटरीचे नाव काही यंत्रांत `BAT1` असते):

```
echo 80 | sudo tee /sys/class/power_supply/BAT0/charge_control_end_threshold
```

विंडोज लॅपटॉपवर हीच सोय उत्पादकाच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये असते. आयफोन १५ पासून ८० टक्क्यांचा पर्याय आला आणि आयओएस १८ मध्ये ८० ते १०० दरम्यान पाच-पाच टक्क्यांच्या पायऱ्या मिळाल्या. 'ऑप्टिमाइज्ड चार्जिंग' ही मात्र वेगळी गोष्ट आहे: ते आपली दिनचर्या ओळखून शेवटचे वीस टक्के उठण्याच्या सुमारास भरते, त्यामुळे अनियमित वेळापत्रक असणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

मर्यादेच्या बाजूने अतिशयोक्ती करण्याचेही कारण नाही. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की पडून असलेल्या सेलची झीज चार्जबरोबर एकसारखी वाढत नसून पायऱ्यापायऱ्यांनी वाढते, आणि ग्रॅफाइट अर्ध्याहून अधिक भरले की त्यातील एक मोठी पायरी येते. म्हणजे ८० हा काही जादूचा आकडा नाही. लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल आणि त्यात ६० टक्क्यांचा पर्याय असेल, तर तो अधिक चांगला. उलट ज्याचा फोन रोज संध्याकाळपर्यंत दहा टक्क्यांवर येतो, त्याचा फोन भरलेल्या अवस्थेत फार वेळ राहतच नाही. त्याने मर्यादेसाठी स्वतःची गैरसोय करून घेऊ नये.

मर्यादा लावल्यावर दोन-तीन महिन्यांनी बॅटरीची टक्केवारी थोडी चुकीची दिसू लागते, कारण मोजणाऱ्या चिपला पूर्ण भरलेली अवस्था दिसत नाही. अशा वेळी एकदा १०० टक्के भरून, नेहमीसारखे वापरून, पुन्हा मर्यादा लावावी. मात्र टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर आत साचलेल्या वायूने बॅटरी फुगली आहे. तेव्हा चार्जिंग लगेच बंद करून, ती न दाबता, न टोचता दुरुस्तीकाराकडून बदलून घ्यावी.