‘आठ तासांत आठ हर्निया’ हा हिशेब कुठे चुकतो

फॉरवर्ड होऊन आलेला मेसेज असा: “ओटी सकाळी आठ ते चार चालते. हर्नियाला लागतो एक तास. मग आठ पेशंट व्हायला हवेत, होतात चारच! उरलेला वेळ भूलवाले आणि सफाईवाले खातात. सफाई पाच मिनिटांत उरका आणि मोठं ऑपरेशन सकाळी पहिलं घ्या, म्हणजे कुणाला उपाशी ठेवून परत पाठवावं लागणार नाही.”

मी त्या ‘भूलवाल्यां’पैकीच एक, त्यामुळे पक्षपाती म्हटलंत तरी चालेल. आकडे मात्र तुम्ही स्वतः मांडून बघा.

आधी तो एक तास. सर्जनला विचारलं तर ते “पाऊण-एक तास” म्हणतात आणि खोटं बोलत नाहीत. त्यांचं घड्याळ सुरी लावल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंतच चालतं. टेबल मात्र पेशंट आत आला तेव्हापासून अडलेलं असतं. नाव, बाजू, संमतीपत्र तपासायचं, सलाईनची सुई लावायची, मॉनिटर जोडायचा, पेशंटला बसवून पाठीत इंजेक्शन द्यायचं. मग त्याला आडवं करून स्पिरिटचा बोळा पोटावर फिरवत विचारत राहायचं, “गार लागतंय का?” बेंबीच्या वरपर्यंत गार लागेनासं झालं की पुढचं काम. इथवर साधारण वीस मिनिटं जातात. वय झालेल्या, मणके चिकटलेल्या आजोबांच्या पाठीत सुई पहिल्याच झटक्यात जाईल याची खात्री कुणी देऊ नये. औषधाने कातडी रंगवून भोवती निर्जंतुक कापड लावायला, म्हणजे पेंट-ड्रेपला, पंधरा मिनिटं, ऑपरेशनला पंचावन्न, ड्रेसिंग करून ट्रॉलीवर घ्यायला दहा. एका हर्नियाची शंभर मिनिटं झाली. दोन केसमध्ये पंचवीस मिनिटं सफाई आणि मांडामांड धरा. चार केसची चारशे, मधल्या तीन फटींची पंचाहत्तर, एकूण ४७५. आठ तास म्हणजे ४८० मिनिटं. मेसेजमध्ये ज्या चार केसची तक्रार आहे, ती लिस्ट खरं तर काठोकाठ भरलेली आहे.

आता सफाई. गंमत म्हणून ती शून्य मिनिटांत होते असं धरा. चार हर्नियांची चारशे मिनिटं गेली, हातात ऐंशी उरली. पाचव्याला शंभर हवीत. म्हणजे मावशींनी फडक्याला हातसुद्धा लावला नाही तरी पाचवा हर्निया बसत नाही! तीन फटींमधून वाचवलेली मिनिटं एकत्र येऊन एक अख्खी केस क्वचितच होते. गाठ काढण्यासारखी जागेवरच्या भुलेची छोटी केस तेवढी बसेल. तीही लिस्ट लावतानाच शेवटी मांडून ठेवली असेल तर. ऐनवेळी “वेळ आहे, घेऊन टाकू” म्हणून नव्हे.

आणि पाच मिनिटांत नक्की काय उरकणार? रक्ताळलेलं कापड उचलायचं, सुया-ब्लेडं पांढऱ्या जाड डब्यात टाकायची, सक्शनची बाटली रिकामी करायची. टेबलाची गादी, हात ठेवायच्या फळ्या, कॉटरीच्या वायरी, वरच्या लाइटची मूठ पुसायची. जमिनीवर रक्त सांडलं असेल तर त्यावर एक टक्का हायपोक्लोराइट ओतून किमान दहा मिनिटं तसंच राहू द्यावं लागतं. ओतलं की लगेच पुसलं तर फक्त वास येतो, जंतू मरायला वेळ मिळत नाही. लगबगीत हीच पायरी आधी गळते आणि बाहेरून बघणाऱ्याला खोली चकचकीतच दिसते. एकदा मी घाईत ओल्या जमिनीवर पाऊल टाकलं, तेव्हा मावशींनी मॉप आडवा धरून मला दारातच थांबवलं होतं. बरोबर केलं. याच पंचवीस मिनिटांत मी श्वासाच्या नळ्या आणि फिल्टर बदलतो, औषधं भरून लेबल लावतो, सिस्टर पुढची ट्रॉली लावतात. ही कामं शेजारी-शेजारी चाललेली असतात, एकामागून एक नव्हे.

बऱ्याचदा “सफाई चाललीय” असं सांगितलं जातं, तेव्हा खरं तर सगळे हत्यारांच्या सेटची वाट बघत असतात. हर्नियाचे दोनच सेट असले तर तिसऱ्या केसला पहिलाच सेट लागतो. तो धुऊन, वाळवून, बांधून, ऑटोक्लेव्हमधून निघून थंड व्हायला सहज दोन तास जातात. १३४ अंशांवर तो काही मिनिटंच राहतो खरा, पण निर्वात करणं आणि वाळवणं धरलं तर अख्खी फेरी पाऊण-एक तासाची होते. कोण अडलंय हे ओळखायचं असेल तर रजिस्टरमध्ये पेशंट आत, सुरी, ड्रेसिंग, पेशंट बाहेर या चार वेळांसोबत ‘खोली तयार’ आणि ‘सेट आला’ याही लिहा. आठवड्याभरात चित्र दिसतं.

मोठं ऑपरेशन पहिलं घेण्याच्या सल्ल्यावर जरा रेंगाळतो, कारण तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो. समजा एक मोठी केस आहे, सरासरी तीन तासांची, पण चिकटलेलं निघालं तर साडेचार तासांची. सोबत तीन छोट्या, प्रत्येकी पन्नास मिनिटांच्या. मोठी पहिली घेतली आणि ती लांबली, तर साडेबाराला संपते. छोट्या केस १२:५५, २:१० आणि ३:२५ ला आत जाणार. शेवटची ४:१५ ला संपेल म्हटल्यावर कुणीतरी “उद्या बघू” म्हणतं आणि रात्रीपासून उपाशी असलेला माणूस घरी जातो.

आता उलट लावा. छोट्या ८:००, ९:१५, १०:३० ला, मोठी ११:४५ ला. एरवी ती पावणेतीनला संपते, लांबली तर ४:१५ ला. दिवस संपण्याची वेळ दोन्हीकडे तीच! क्रम बदलून मिनिटं वाचत नाहीत, उशीर कुणाच्या अंगावर पडतो तेवढं बदलतं. पहिल्या क्रमात तो तिघांवर पडला आणि एकाला परत धाडलं. दुसऱ्यात पंधरा मिनिटं थांबावं लागलं ते आम्हाला.

म्हणून ज्या केसचा अंदाज पक्का ती आधी आणि जिचा भरवसा नाही ती नंतर, हे मला पटतं. पण त्याआधीही काही गोष्टी येतात. लहान मूल पहिलं, मधुमेही लवकर, पू असलेली केस शेवटी. आणि सर्जन मोठी केस सकाळी मागतात त्यालाही कारण आहे: संध्याकाळी रक्तस्राव झाला तर रक्तपेढीपासून आयसीयूपर्यंत माणसं कमी असतात. कॅन्सरची केस असेल तर मी तिच्यापुढे तीन छोट्या लावणार नाही, फार तर एक. तीन छोट्या लांबल्या म्हणून तीच रद्द होणं कुणालाच परवडत नाही.

उपाशी राहण्याचं म्हणाल तर त्याचा मोठा भाग क्रमाशिवायही सुटतो. जेवणाला सहा तास पुरतात आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. २:१० च्या पेशंटला रात्री बारापासून पाणी बंद करणं ही वॉर्डातली सवय आहे. पोट रिकामं व्हायला वेळ लागणारे पेशंट वेगळे, त्यांचं आम्ही वेगळं सांगतो.

पाच हर्निया खरंच हवे असतील तर तेही होतात. दुसरा भूलतज्ज्ञ हवा आणि मॉनिटर-ऑक्सिजनसह बाजूची खोली हवी, म्हणजे पुढच्या पेशंटची भुलेची वीस मिनिटं आधीच्या केसच्या पोटात जातील. एकट्या भूलतज्ज्ञाला हे जमणार नाही, कारण टेबलावरचा पेशंट सोडून तो बाहेर जाऊ शकत नाही. सोबत तीन सेट आणि सफाईला दोन माणसं, म्हणजे मधली फट पंधरा मिनिटांवर येईल. पहिल्याची शंभर, पुढच्या चारांची प्रत्येकी ऐंशी, चार फटींची साठ. बेरीज बरोबर ४८० येते. एका आजोबांच्या पाठीत सुई तीनदा टोचावी लागली की पाचवा पेशंट दाराबाहेर.