नवी गाडी घेतलेल्या दोस्ताला काय लिहाल?

परवा आमच्या ग्रुपवर एका दोस्ताचा फोटो पडला. पहिली कार! बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं आणि नवरा-बायकोच्या हातात शोरूमवाल्यांनी दिलेली ती भलीमोठी पुठ्ठ्याची किल्ली. खाली ओळीने ‘अभिनंदन’, ‘अभिनंदन भावा’, ‘पार्टी कधी?’. एकाने तर कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक फॉरवर्ड केला.

नुसतं ‘अभिनंदन’ लिहिणं म्हणजे लग्नात पाकिटावर नाव न घालता आहेर देणं. पोचतो, पण कोणाचा ते कळत नाही. मेसेज असा हवा की वरचं नाव झाकलं तरी त्याला कळावं, हे बेणं कोण आहे.

त्यासाठी आधी फोटो नीट बघावा. सगळे गाडी बघतात, तुम्ही माणसं बघा. या फोटोत कोपऱ्यात त्याचे वडील उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, एक हात गाडीच्या टपावर. जन्मभर एसटीने फिरलेला माणूस. त्यांच्याबद्दल एक ओळ लिहिली की अर्धा मेसेज झाला. उरलेला अर्धा चिडवण्यासाठी.

चिडवायचं, पण कोणाला? चालवणाऱ्याला. गाडीला नाही. ‘अरे, एवढ्या पैशात ती दुसरी आली असती’ हे वाक्य बुकिंगच्या आधी सल्ला असतं. डिलिव्हरीनंतर तो निव्वळ दुष्टपणा. माणसाने पाच-सात वर्षांचे हप्ते बांधून घेतलेत, आता ती बदलता येणार आहे का? रंगाचंही तसंच. बहुतेक वेळा तो बायकोने नाहीतर पोरांनी ठरवलेला असतो, तुम्ही कशाला मध्ये पडता! किंमत आणि कर्ज ग्रुपवर विचारू नये, तिथे त्याचे साहेबही असतात आणि मेहुणेही. आणि ‘पहिला ओरखडा कधी?’ हा विनोद पहिल्याच दिवशी नकोच. सकाळीच ज्या आईने लिंबू-मिरची बांधलीय, तीही मेसेज वाचते.

‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ याचं उत्तर त्या दिवशी त्याच्याकडे नसतंच. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, पुन्हा फुल केल्यावर किलोमीटरला लिटरने भागायचं, मग कुठे खरा आकडा निघतो. तोवर बिचारा ब्रोशरमधला सांगतो आणि आपण मान डोलावतो.

मग चिडवायला उरतं काय? तुमचा दोघांचा जुना हिशोब. आमच्या या दोस्ताने कॉलेजात माझी बाइक वापरली आणि दर वेळी रिझर्व्हवर आणून लावली. म्हणून मी असं लिहिलं:

‘मालक, गाडी झकास! फोटोत तू ठीकच दिसतोयस, पण काका एकदम रुबाबात. पहिली चक्कर त्यांना गावी नेऊन आण. खंबाटकी घाटात ट्रॅफिक तुंबलं तर हाफ क्लचवर लटकून राहू नकोस, हँडब्रेक लाव. जळका वास आला तर काच खाली करून पुढच्या ट्रककडे बघू नकोस, तो आपलाच असतो. सोसायटीत रिव्हर्स घेताना वॉचमनकाका “येऊ द्या, येऊ द्या” म्हणतील, पण “बस्स” म्हणायला ते नेहमी उशीर करतात, तेव्हा आरशात तूच बघ. सीटवरचं प्लास्टिक दिवाळीपर्यंत काढलं नाहीस तर मी येऊन फाडीन. आणि आता रविवारी तुझी गाडी मला दे. पेट्रोल कितीवर आणून लावायचं ते तूच मला शिकवलंयस. मनापासून खूश आहे रे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. आपल्याकडे दोस्त दोस्ताला एवढं सरळ क्वचित बोलतो. नुसतीच थट्टा केली तर एखाद्याला ती जळजळ वाटू शकते, विशेषतः तुमच्याकडे अजून गाडी नसेल तर.

एक व्यवहाराची गोष्ट. हा मेसेज डिलिव्हरीच्या संध्याकाळी पाठवू नका. तेव्हा तो नवा क्लच, नवा ब्रेक आणि मागच्या सीटवरून सूचना देणारं घर सांभाळत शोरूमहून निघालेला असतो. त्यात फोन वाजायला नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवा. पेढे वाटून झालेले असतात, माणूस चहा घेत खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत बसलेला असतो, सावकाश वाचतो.

आणि मैत्रिणीने स्कूटर किंवा कार घेतली असेल तर ‘आता रस्त्यावरून जपून चालावं लागेल’ हे कृपया लिहू नका. तिला ते तिच्या काकांनी, शेजाऱ्यांनी आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्याने आधीच ऐकवलंय. तिलाही जुन्या हिशोबावरूनच चिडवा: वर्षानुवर्षं रिक्षावाल्यांशी सुट्ट्यावरून भांडलेली बाई आता पार्किंगवाल्याशी भांडणार, एवढाच काय तो फरक.