इंटर्न येण्याआधीचा कागद

"ताई, बी.कॉम.ची एक मुलगी कॉलेजच्या सक्तीच्या 120 तासांच्या इंटर्नशिपसाठी दुकानात येते म्हणतीय. इथं सगळे म्हणतात, सही मारून दे, यायची काय गरज? पण मला खरंच माणूस लागतंय. कागदावर काय लिहू, पहिल्या आठवड्यात काय करायला लावू आणि पैसे द्यायचे का? तुमच्याकडं जर्मनीत कसं करतात?" सांगलीतल्या आतेभावाचा हा निरोप. त्याचं किराणा आणि भुसार मालाचं दुकान आहे.

माझं श्टुटगार्टजवळच्या एका छोट्या गावात भारतीय किराण्याचं दुकान आहे. तिथे मीही इंटर्न ठेवते, म्हणून त्याने मला विचारलं. त्याच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण घरच्या चर्चेत जर्मनीचं नाव आलं की सगळ्यांना वाटतं, तिथे प्रत्येकाला भरपूर पैसे मिळतात. तसं नाही. 2025 मध्ये जर्मनीतलं किमान वेतन ताशी 12.82 युरो होतं, पण अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग म्हणून इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्याला ते लागू होत नाही. स्वतःच्या इच्छेने, क्षेत्र निवडण्याआधी चाचपून पाहायला आलेल्यालाही तीन महिन्यांपर्यंत लागू होत नाही. माझ्या भावाकडे येणारी मुलगी इथे असती, तर कायद्याने तिला एक सेंटही देणं बंधनकारक नसतं.

इथला कायदा अडवतो तो दुसऱ्या ठिकाणी. ज्या इंटर्नला किमान वेतन लागू होतं, तिला काम सुरू होण्याआधी अटी लेखी द्याव्या लागतात. त्या अटींमध्ये तारीख, रोजची वेळ, मोबदला आणि रजा यांच्या बरोबरीने एक ओळ असते: या काळात ती काय शिकणार. सक्तीच्या इंटर्नशिपमध्येही करार करायची पद्धत आहे आणि तिथेही ही ओळ बहुधा असते. माझ्या मते सगळा कागद त्या एका ओळीवर उभा असतो. आपल्याकडचा वाद 'फुकट राबवतात' विरुद्ध 'शिकवतोय ते काय कमी आहे' असा चालतो, आणि दोन्ही बाजूंना शिकवणार म्हणजे नेमकं काय हे लिहून दाखवावं लागत नाही. सही मारून देणाऱ्याची सोय होते ती याच फटीतून.

भावाने आधी मला जो मजकूर पाठवला होता त्यात होतं: 'दुकानातील सर्व कामात मदत करणे, ग्राहकसेवा, हिशोब, सोशल मीडिया.' हे इंटर्नचं काम नाही, हे गड्याचं काम आहे आणि वर फेसबुक. मी त्याला एकच विचारलं: गेल्या वर्षी दुकानात पैसे कुठे गळले? तो लगेच म्हणाला, मुदत संपलेल्या मालात. बिस्किटं, मसाल्याची पाकिटं, लोणची, लहान मुलांचं खाणं. बऱ्याच कंपन्यांचा माल वितरक परत घेतो, पण सेल्समनला वेळेत सांगितलं तर. दोन पाकिटं सापडली की बाजूला ठेवायची आणि सेल्समन आला की विसरायचं, असं चाललं होतं. कामाचा विषय तिथेच मिळाला. आठ आठवड्यांत एका विद्यार्थिनीला पूर्ण करता येईल, दुकानाला उपयोगी पडेल आणि वाणिज्य शाखेच्या अभ्यासाशीही जुळेल, असं हे एकच काम.

मग फोनवर बसून आम्ही कागद लिहिला. तो असा:

"पद: प्रशिक्षणार्थी. कालावधी: 8 आठवडे, सोमवार ते शुक्रवार, दुपारी 2 ते 5, एकूण 120 तास. मुख्य काम: दुकानातल्या पाकीटबंद मालाची मुदतवार नोंद तयार करणे आणि चालू ठेवणे. शेवटी तिला एकटीला जमेल: आलेला माल बिलाशी ताडून घेणे, मुदत संपायला 60 आणि 30 दिवस उरलेल्या मालाची यादी काढणे, महिन्याचे नुकसान वितरकानुसार मांडणे. शिकवणार: दुकानमालक स्वतः, रोज पहिला अर्धा तास. सांगितली जाणार नाहीत अशी कामे: एकटीने गल्ला सांभाळणे, उधारी मागायला जाणे, पोती उचलणे, घरची कामे. मानधन: एकूण रु. ____, निम्मे चौथ्या आठवड्याच्या शेवटी."

एवढंच. एका पानाच्या आत. 'उत्साही आणि कष्टाळू हवी' अशी वाक्यं मी खोडायला लावली. ती कोणीही वाचून 'हो' म्हणतं आणि त्यावरून कोणाची निवडही करता येत नाही. दुपारची वेळ मुद्दाम घेतली. तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून अर्धा तास शिकवणं खरोखर होऊ शकतं. संध्याकाळी सहाला ते कागदावरच राहील.

'सांगितली जाणार नाहीत' या ओळीवर आत्या बिथरली. तिला वाटलं, आम्ही कायमची नोकर ठेवतोय, आणि तिचा सल्ला होता की परक्या मुलीला गल्ल्यावर बसवूच नका. ती बसणारच नाही, हे समजावायला बराच वेळ गेला. पण आत्याच्या भीतीतून एक चांगली गोष्ट निघाली. पैशाच्या ठिकाणी कोण असेल हे आधी लिहिलेलं असलं, की रात्री गल्ल्यात शंभर रुपये कमी भरले तरी त्या मुलीकडे कोणी संशयाने बघणार नाही.

पहिला आठवडा मी दिवसवार लिहायला सांगितला, कारण इंटर्नशिप बिघडते ती बहुधा पहिल्या तीन दिवसांत. मालक गडबडीत असतो, ती मोबाईल बघत स्टुलावर बसते, आणि चौथ्या दिवसापासून तिला पुड्या बांधायला लावतात. सोमवारी काम नाही. दुकान पाहायचं, माल कुठून आत येतो, कुठे ठेवतात, कोणती फळी कोण भरतं हे विचारून कच्चा नकाशा काढायचा. मंगळवारी भावाच्या बरोबरीने एका वितरकाचा माल उतरवून घ्यायचा: बिल, नग, छापील किंमत, बॅच, मुदत. बुधवारी फक्त बिस्किटांची एक फळी आणि वही. रकाने पाचच: माल, बॅच, मुदतीची तारीख, नग, वितरक. काही स्थानिक पाकिटांवर पॅकिंगची तारीख आणि 'सहा महिन्यांच्या आत वापरा' एवढंच असतं. तिथे तारीख तिने मोजून लिहायची. गुरुवारी मसाल्यांची फळी, पण एकटीने, भाऊ समोर नसताना. शुक्रवारी शेवटचा अर्धा तास तपासणी.

ही शुक्रवारची तपासणी कशी करायची, ते नीट सांगते. तिच्या वहीतल्या कोणत्याही दहा नोंदी घ्यायच्या आणि भावाने स्वतः फळीवर जाऊन ताडायच्या. एखाददुसरी चूक हाताची असते. तीन-चार चुकल्या, तर पद्धत चुकतेय. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पुढचं पाकीट पाहून सगळ्या ओळीची तारीख लिहिणं. फळी भरणारा गडी नवा माल पुढे लावतो आणि जुना मागे सरकतो, त्यामुळे वहीत सगळं ताजं दिसतं आणि मागच्या रांगेत मुदत संपत असते. ओळखायची खूण सोपी आहे: एका मालापुढे नग बरेच आणि बॅच एकच, असं दिसलं की मागचं पाकीट काढून बघायचं. चूक सापडली तरी तिला बोलायचं नाही, गड्याला फळी मागून भरायला शिकवायचं. पहिल्याच आठवड्यात दुकानाला एवढं कळलं, तरी त्या मुलीचं येणं कामी आलं.

पैशावर मात्र घरात एकमत झालं नाही. भावाच्या ओळखीचे एक हिशोबनीस आहेत, माहितगार माणूस. त्यांनी राज्य सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा आकडा काढला: बारावी पास उमेदवाराला महिना 6,000 रुपये विद्यावेतन. ती योजना शिक्षण चालू असणाऱ्यांसाठी नाही, म्हणजे ही मुलगी तिच्यात बसत नाही, पण मोजमाप म्हणून आकडा बरा आहे. दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे 26 दिवस धरले तर 208 तास होतात. त्या हिशोबाने 120 तासांचे साधारण 3,500 रुपये. भाऊ म्हणाला, कॉलेजचे गुण मिळतात तिला, मग पैसे कशाला? हे अर्धं खरं आहे. तिने फक्त शिकावं एवढंच असेल, तर गुण पुरेत. पण ती वही तिच्यानंतरही दुकान वापरणार आहे, आणि वाचलेला माल भावाच्या खिशात जाणार आहे. मी ठामपणे म्हणते, द्यायलाच हवेत. वहिनीची हरकत वेगळी आहे आणि ती मला खोडता आलेली नाही: रोज बारा तास उभ्या असलेल्या गड्याच्या तासाचा हिशोब काढला तर या मुलीपेक्षा फार वर जात नाही, आणि हे त्याला कळणारच.

जर्मनीतल्या पद्धतीचीही एक वाईट बाजू आहे. माझ्या शेजारी सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. त्याचा मालक शाळेतली मुलं दोन आठवड्यांसाठी घेतो, त्यांचे शिक्षक मध्ये एकदा येऊन पाहूनही जातात. पण शिक्षण संपलेलं, कुठल्या अभ्यासक्रमात नसलेलं कोणी चार महिन्यांसाठी आलं की तो नाही म्हणतो, कारण तिथे पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं. मी या विषयावर बोलायला गेले, तर तो त्याच्या जुन्या शिकाऊ कामगाराचीच गोष्ट सांगत राहिला. पण मुद्दा तोच होता: कायदा कडक झाला की छोटा दुकानदार दार अर्धंच उघडतो. सांगलीत ओळखीच्या ओळखीने कोणालाही दुकानात उभं राहता येतं, ही मोकळीक इथे नाही. ती जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच सही मारून देणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांच्यामुळे उद्या कोणीतरी नियम आणेल, आणि तो आधी लहान दुकानांना लागेल.

भावाला मी दोन गोष्टी पक्क्या करायला सांगितल्यात. कॉलेजच्या नोंदवहीत रोजचे तास त्याच दिवशी लिहायचे आणि त्याच दिवशी सही करायची, आठवड्याची एकदम नाही. दुसरं, तो बाजार समितीत जाईल त्या दिवशी अर्धा तास कोण शिकवणार, त्याचं नाव कागदावर हवं. तो वहिनीचं नाव लिहितो म्हणाला. वहिनी म्हणाली, आधी गड्याच्या पगाराचं बोलू, मग सही करते.