शब्द जुळले म्हणजे व्याकरण जुळलं?

«इंग्रजी परिच्छेदाचं मराठी भाषांतर तपासायची सोपी रीत: मूळातला प्रत्येक शब्द आलाय का ते बघा, मग मराठी वाक्य परत इंग्रजीत करून पाहा. मूळ वाक्य मिळालं की व्याकरण बरोबर.»

या रीतीत पास होणारा एक तुकडा घेऊ: ‘मीना म्हणाली की ती आजारी होती. तिच्याकडे दोन भाऊ आहेत. डॉक्टरला मोठ्या भावाद्वारे बोलावला गेला.’ यातला एकही शब्द सुटलेला नाही आणि तिन्ही वाक्यं चुकली आहेत.

पहिलं वाक्य सगळ्यात फसवं आहे. ‘मीना सेड शी वॉज इल’ यातला भूतकाळ ‘सेड’मुळे आलेला आहे, बोलताना मीना आजारीच होती. मराठीत बोलणाऱ्याचा काळ बदलत नाही. त्यामुळे ‘ती आजारी होती’ म्हटलं की आजार आधीचा होता, आता ती बरी आहे, असं वाटतं. शिवाय ‘ती’ म्हणजे मीना की दुसरीच कोणी, हेही कळत नाही. सरळ मराठी असं: ‘मी आजारी आहे, असं मीना म्हणाली.’ आता हे परत इंग्रजीत करा. मूळ वाक्य मिळत नाही! म्हणजे या कसोटीत चुकीचं वाक्य पास होतं आणि बरोबर वाक्य नापास. कारण उघड आहे: शब्दशः भाषांतरात इंग्रजीचाच सांगाडा असतो, तो परत नेला की जागच्या जागी बसतो. (मीना आधी आजारी होती असंच मूळात असेल, तर ‘मी आजारी होते’ हेच योग्य.)

शब्द मोजूनही काही हाती लागत नाही. ‘तिच्याकडे दोन भाऊ आहेत’ आणि ‘तिला दोन भाऊ आहेत’ यांत शब्द तेवढेच आहेत. पण पहिल्यात भाऊ तिच्या घरी राहायला आलेत असं वाटतं. पैसे, किल्ली, छत्री तिच्याकडे असते. नातं सांगायला ‘तिला’ लागतं.

तिसऱ्या वाक्यात दोन घोटाळे आहेत. ‘द्वारे’ साधन सांगतं, जसं टपालाद्वारे. बोलावणारा भाऊच असेल तर ‘भावाने’ हवं. दुसरा घोटाळा क्रियापदात: भावाने रिक्षा बोलावली, पण बहिणीला बोलावलं. कर्त्याला ‘ने’ असताना कर्माला ‘ला’ किंवा ‘ना’ लागला की प्रमाण मराठीत क्रियापद त्याच्या लिंगावर जात नाही, नपुंसकलिंगी एकवचनात राहतं. हा भावे प्रयोग. म्हणून ‘मोठ्या भावाने डॉक्टरांना बोलावलं.’

मी तपासताना आधी इंग्रजी झाकून ठेवते. प्रत्येक वाक्याचं क्रियापद शोधते, ते कोणाशी जुळतंय हे बघते, मग ‘तो’, ‘ती’ म्हणजे कोण ते विचारते. मूळ उघडते ते यानंतर, आकडे, नावं आणि सुटलेला ‘नाही’ शोधायला. शब्द जुळवण्याचा उपयोग तिथेच होतो.