ऐकणाऱ्याच्या भुवया

संवादकौशल्याच्या कुठल्याही वर्गात दोन सूचना हमखास मिळतात. चेहरा हसरा ठेवा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघा. समुपदेशन शिकायला आलेल्या मुलामुलींकडून मी ऐकण्याचा सराव करून घेते, आणि दिवसेंदिवस माझं मत पक्कं होत चाललंय की या दोन्ही सूचना अर्धवट आहेत. त्या तंतोतंत पाळणाऱ्या माणसासमोर मन मोकळं करणं अवघड जातं. आपण सांगतोय ते त्याच्या चेहऱ्यावर कुठेच उमटत नाही. तो सुरुवातीला जसा हसरा होता तसाच शेवटपर्यंत हसरा राहतो.

आपल्याला वाटतं की बोलणारा बोलतो आणि ऐकणारा ते घेत जातो. प्रत्यक्षात ऐकणाऱ्याचा चेहरा बोलणाऱ्याचं बोलणं घडवत असतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात जॅनेट बाव्हेलास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगातून दाखवलं, २००० साली तो निबंध प्रसिद्ध झाला. एकाने आपल्यावर बेतलेला, थोडक्यात निभावलेला प्रसंग सांगायचा आणि दुसऱ्या अनोळखी माणसाने ऐकायचा, एवढाच प्रयोग. मात्र काही ऐकणाऱ्यांना गुपचूप एक काम दिलेलं होतं: सांगणाऱ्याच्या बोलण्यात ‘टी’ अक्षराने सुरू होणारे शब्द किती येतात ते मोजायचे. म्हणजे हे लोक कान देऊन ऐकत होते, प्रत्येक शब्द टिपत होते, फक्त गोष्टीत नव्हते. परिणाम काय झाला? सांगणाऱ्यांची गोष्टच बिघडली. विशेषतः जिथे ती रंगायला हवी त्या शेवटाशी ते अडखळले, शेवट घाईने उरकला किंवा पुन्हा पुन्हा सांगत बसले, आणि त्यात विशेष काय होतं याचं स्पष्टीकरण देऊ लागले.

बाव्हेलास यांनी ऐकणाऱ्याच्या प्रतिसादाचे दोन प्रकार सांगितले. एक सर्वसाधारण: मान हलवणं, ‘हं’, ‘अच्छा’. हे कुठल्याही गोष्टीला चालतं. दुसरा त्या क्षणापुरता: गोष्टीत गाडी अंगावर आली की ऐकणाऱ्याचे डोळे विस्फारतात, कुणाला लागलं की चेहरा कळवळतो. शब्द मोजणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून नेमका हा दुसरा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला होता.

आमच्या सरावात आम्ही जोडीने बसतो, सांगणाऱ्याच्या परवानगीने मोबाईलवर ऐकणाऱ्याचा चेहरा चित्रित करतो आणि मग आवाज बंद करून बघतो. एका सरावातला प्रसंग सांगते. चाळिशीच्या एक ताई त्यांचा चार वर्षांचा मुलगा एसटी स्टँडवर हरवला होता तेव्हाची हकीकत सांगत होत्या. समोर एक हुशार, मनापासून शिकणारी मुलगी होती. तिच्या चेहऱ्यावर छान स्मित आणि मान सतत होकारार्थी हलत होती. ताई म्हणाल्या, “चौकशीच्या खिडकीशी मी फक्त गाडीची वेळ विचारली, मागे वळून बघते तर हा नाही.” स्मित तसंच, मानही तशीच. ताईंनी एकदा वर बघितलं, नजर खाली नेली, पुन्हा वर बघितलं. मग त्या म्हणाल्या, “पण सापडला लगेच. एका कंडक्टरकडे होता.” आणि थोडं थांबून, “तसं माझंच लक्ष नव्हतं म्हणा.” संपली गोष्ट.

नंतर तीच हकीकत त्यांनी दुसऱ्या एका मुलाला सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट थोडी रुळतेच, हे मला मान्य आहे. पण त्या मुलाचा चेहरा नीट बघण्यासारखा होता. “मागे वळून बघते तर” इथे त्याची मान हलायची थांबली. हे थांबणं फार मोलाचं असतं, कारण सतत हलणारी मान ‘कळलं, पुढे चला’ असं सांगत राहते. मग त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या, ओठ जरा विलग झाले. ताई सांगू लागल्या की फलाटाला लागलेली एक गाडी मागे येत होती आणि त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. इथे त्याच्या भुवयांची आतली टोकं वर ओढली गेली, कपाळाच्या मध्यावर आठ्या आल्या. चेहऱ्यावर हसू उरलं नव्हतं. मग ताई थांबल्याच नाहीत. गाड्यांच्या खाली वाकून बघितलं, हाका मारताना आवाज फुटेना, माईकवरून नाव पुकारायला सांगताना स्वतःच्या मुलाच्या शर्टाचा रंग आठवेना, हे सगळं पहिल्या वेळी न आलेलं बाहेर आलं. मुलगा उभ्या असलेल्या एका गाडीच्या पायरीवर बसून कंडक्टरने दिलेलं बिस्कीट खात होता, इथे ऐकणाऱ्याचा सगळा चेहरा सैल पडला आणि मग तो हसला. ताईही हसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. ते हसू सुरुवातीपासून चेहऱ्यावर असतं तर तिथे त्याला काही किंमत उरली नसती.

भुवयांबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि जी फारसं कुणी सांगत नाही. भुवया वर उचलणारा स्नायू कपाळाचा, आणि त्या एकमेकींकडे ओढणारा स्नायू भुवईच्या आतल्या टोकाशी असतो. हा दुसरा स्नायू रागात आवळतो तसाच तो लक्ष एकवटतानाही आवळतो, डोळ्यांवर उजेड आला तरी आवळतो आणि चष्म्याचा नंबर वाढलेला असला तरी आवळतो. आतून आपण अगदी जीव लावून ऐकत असतो आणि समोरच्याला दिसतात त्या आठ्या. तो त्याचा अर्थ ‘पटलेलं नाही’ किंवा ‘समजलेलं नाही’ असा घेतो. हे होतंय ते ओळखायची खूण सोपी आहे: समोरचा सफाई द्यायला लागतो. “म्हणजे तसं नाही, पण...”, “आता तुम्ही म्हणाल की...” अशी वाक्यं येऊ लागली, आणि आपण तर काहीच बोललो नव्हतो, तर समजावं की आपलं कपाळ बोललंय. अशा वेळी हसू आणायला जाऊ नये. श्वास सोडावा, कपाळ मोकळं करावं, भुवया किंचित वर जाऊ द्याव्यात. आणि बसण्याची जागा बदलावी. समोरच्याच्या पाठीमागे उजेडाची खिडकी असेल तर आपण पूर्ण वेळ डोळे बारीक करून बसणार. मी खुर्च्या लावताना आधी खिडकी बघते.

आता नजरेचं. ‘डोळ्यांत बघा’ ही सूचना मला सगळ्यात जास्त खटकते, कारण त्यातून टक लावण्याची सवय लागते. संवादाचे अभ्यासक अॅडम केंडन यांनी १९६७ साली दोघांच्या गप्पांचं बारकाईने निरीक्षण मांडलं. बोलणारा लांबलचक काही सांगायला सुरुवात करताना बहुधा नजर दुसरीकडे वळवतो आणि बोलणं संपत आलं की पुन्हा समोर बघतो. ऐकणारा मात्र बोलणाऱ्यापेक्षा जास्त वेळ बघत असतो. म्हणजे नजरेची देवाणघेवाण बोलणारा ठरवतो. शब्द शोधताना, लाज वाटणारं काही सांगताना तो खिडकीकडे, हाताकडे, जमिनीकडे बघणारच. मधूनच तो आपल्याकडे बघतो, क्षणभर, आणि त्याच क्षणात त्याला आपला चेहरा वाचायचा असतो. ऐकणाऱ्याचं काम एवढंच की त्या क्षणी आपण तिथे सापडायला हवं. त्या ताईंनी दोनदा वर बघितलं होतं, तो हाच क्षण. तेव्हा आपण फॉर्म भरत असलो, मोबाईलवर काय आलं ते बघत असलो, तर तो क्षण गेला. मागाहून कितीही मान हलवली तरी उपयोग नाही. म्हणून मी सांगते, लिहायचं असेल तर समोरच्याची नजर खाली असताना लिहा आणि त्याचं वाक्य संपत आलं की पेन थांबवा.

थेट नजरानजर किती वेळ सुखाची वाटते, हेही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आलेल्या लोकांवर तपासून झालंय. २०१६ साली आलेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली साधारण ३.३ सेकंद. ते पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे बघत होते आणि ती सरासरी आहे, त्यामुळे घड्याळ लावून कुणी बघू नये. आपल्याकडे तर नजरेला नात्याचा आणि वयाचा पदर आहे. सासऱ्यांसमोर उभी असलेली बाई, सरांसमोर उभा राहिलेला खेड्यातला मुलगा खाली बघून बोलतो ते मान राखायला. त्याला “माझ्याकडे बघून बोल” म्हणणं म्हणजे त्याचं बोलणं बंद करणं. अशा वेळी खुर्च्या समोरासमोर न ठेवता थोड्या तिरक्या ठेवल्या की दोघांनाही नजर वळवायला जागा मिळते. पुरुष समुपदेशक आणि तरुण बाई असेल तर हे मी सक्तीने करायला लावते.

पापण्यांचंही असंच आहे. नेदरलँड्समधल्या एका प्रयोगात, जो २०१८ साली प्रसिद्ध झाला, लोकांना पडद्यावरच्या एका आभासी श्रोत्याशी बोलायला लावलं. त्या श्रोत्याने मान हलवताना पापण्या जरा जास्त वेळ मिटल्या की लोकांची उत्तरं आखूड होत, आणि असं का झालं हे त्यांना स्वतःला कळत नसे. पापणी मिटून संथ मान हलवणं म्हणजे ‘पुरे, कळलं’. दुःखाची गोष्ट ऐकताना आपण सहानुभूतीने नेमकं हेच करतो आणि माणूस गप्प होतो.

हे सगळं चेहरा हलवू शकणाऱ्यांसाठी झालं. पार्किन्सन्सच्या आजारात चेहऱ्याच्या हालचाली मंदावतात, पापण्या कमी लवतात, आणि घरात आनंदाने बसलेले आजोबा रागावल्यासारखे दिसतात. नातवंडं त्यांना काही सांगायचं हळूहळू सोडून देतात. चेहऱ्याचा लकवा झालेल्यांचंही तेच. ऑटिझम असलेल्या अनेकांना डोळ्यांत बघण्याचा ताण होतो आणि दुसरीकडे बघत असताना ते जास्त नीट ऐकतात. या कुणालाही चेहऱ्यावरून जोखू नये. पार्किन्सन्स असलेल्यांच्या घरी मी एवढंच सुचवते की आजोबांनी ऐकताना चेहऱ्याचं काम शब्दांवर आणि हातावर टाकावं: “अरे बापरे” मोठ्याने म्हणावं, “मग काय झालं?” विचारावं, नातवाच्या गुडघ्यावर हात ठेवावा. आणि नातवाला आधीच सांगून ठेवावं की आजोबांचा चेहरा हलत नाही, पण तुझी मॅच त्यांना शेवटच्या ओव्हरपर्यंत ऐकायची आहे.