फाशाचा सर्व्हे आणि मावशीला आलेला मेसेज

“सोलापूरच्या सगळ्या विडी कामगार भगिनींनो सावधान! सर्व्हेवाले डबीत फासा घेऊन घरोघरी फिरतायत. १) फासा साधा नाही, आत चिप आहे, काय पडलं ते त्यांच्या मोबाईलवर दिसतं. २) एक पडला की ‘हो’ म्हणायला लावून कबुली घेतात, मग लहान मुलाला विड्या वळायला बसवता म्हणून केस होते, काम जातं. ३) खोट्या उत्तरांतून खरा आकडा कधीच निघत नाही, सगळा पैसे खायचा धंदा. ४) कुठे कुठे यादी वाचतात, तोही सापळाच. सगळ्यांनी फक्त ‘नाही’ म्हणा. पुढे पाठवा.”

हा मेसेज मला माझ्या मावशीने पाठवला. ती कुंभारीच्या घरकुलात राहते, लग्न झाल्यापासून विड्या वळते. “तू कॉलेजात हेच शिकवतोस ना, मग खरं काय ते सांग,” म्हणाली. तिला फोनवर सांगितलं, पण तोवर तिच्या गल्लीत निम्म्या बायकांनी दार लावून घेतलं होतं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

चिपवर वेळ घालवत नाही. शंका असेल तर घरातल्या पोरांचा लुडोचा फासा वापरा. ज्याला ही पद्धत कळते तो सर्व्हेवाला नाही म्हणणार नाही, कारण फासा कुणाचा आहे याने गणितात काहीच बदलत नाही.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण तो बाईला बरोबर तिच्या संरक्षणाचीच भीती घालतो. पद्धत अशी असते. बाई डबी हलवते, झाकण उघडून एकटीच बघते आणि मिटते. एक पडला तर खरं काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. सहा पडला तर ‘नाही’. दोन ते पाच पडला तर खरं उत्तर द्यायचं. काय पडलं ते सांगायचं नाही. आता ६०० घरं धरा. साधारण १०० घरांत एक पडेल, १०० घरांत सहा पडेल आणि ४०० घरांतून खरं उत्तर येईल. समजा एकूण १८० ‘हो’ आले. त्यातले १०० फाशाचे. उरले ८०, ते ४०० खऱ्या उत्तरांमधले. म्हणजे २० टक्के घरांत मूल विड्या वळायला बसतं. आकडा मिळाला, पण कुठलं घर ते कुणालाच कळलं नाही. वहीत माझ्या मावशीच्या घरापुढे ‘हो’ लिहिलेलं असलं, तरी ते तिने म्हटलं की फाशाने म्हणवलं हे सर्व्हेवाल्यालाही सांगता येणार नाही. १८० पैकी १०० ‘हो’ नुसते फाशाचे असताना त्याला कबुली म्हणायचं कसं?

इथे एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ‘हो’ आल्यावर संशय अजिबात वाढत नाही, असं नाही. फाशाने ‘हो’ म्हणवलेल्या १०० घरांतही २० टक्के, म्हणजे २० घरांत मूल खरंच बसत असणार. म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्या १८० घरांपैकी १०० घरांत तसं आहे, निम्म्याहून थोडं जास्त. पुरावा होत नाही, पण शून्यही नाही. आणि सर्व्हेवाल्याने डबीत डोकावलं तर सगळं संरक्षण तिथेच संपतं. त्याने पाठ फिरवली पाहिजे. तो डबीकडे हात नेत असेल तर खुशाल उत्तर देऊ नका.

तिसरा मुद्दा लिहिणाऱ्याने वरची वजाबाकी एकदा करून बघावी. फासा खोटं किती वेळा मिसळतो हे आधीच माहीत असतं, म्हणून ते वजा करता येतं. भीतीने बोललेलं खोटं वजा करता येत नाही, कारण ते किती आहे हेच माहीत नसतं. स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ साली हाच विचार पहिल्यांदा मांडला. कागदावर ठीक, प्रत्यक्षात काय, असं कुणी म्हणेल. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात २०११ साली गर्भपाताशी निगडित एका प्रस्तावावर मतदान झालं. निकाल जाहीर होता, म्हणजे खरा आकडा हातात होता. रोझेनफेल्ड, इमाई आणि शापिरो या तिघांनी नंतर मतदारांना वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं, तुम्ही विरोधात मत दिलं होतं का? थेट विचारल्यावर विरोधाची मतं खऱ्यापेक्षा बरीच कमी निघाली. आडून विचारायच्या सगळ्या पद्धती खऱ्या आकड्याच्या जास्त जवळ गेल्या आणि फाशासारखी पद्धत सगळ्यात जवळ. हा अभ्यास २०१६ साली छापून आला. याची किंमत मोजावी लागते हेही खरं. आपल्या ६०० घरांत थेट प्रश्नाला सगळ्यांनी खरं सांगितलं असतं तर २० टक्क्यांत चूक साधारण तीन टक्के इकडे-तिकडे राहिली असती. फाशाने ती साडेपाचपर्यंत जाते. तेवढाच नेमकेपणा हवा तर जवळपास तिप्पट घरं फिरावी लागतात.

यादीबद्दल मात्र अर्धं खरं आहे. त्यात ३०० घरांना चार साध्या गोष्टी वाचून दाखवतात आणि विचारतात, यातल्या किती तुमच्याकडे लागू आहेत? कुठल्या ते नाही, फक्त किती. दुसऱ्या ३०० घरांना त्याच चार आणि पाचवी, मूल विड्या वळायला बसण्याची. पहिल्या गटाची सरासरी १.९ आणि दुसऱ्याची २.१ आली, तर फरक ०.२, म्हणजे तेच २० टक्के. पण एखादीला पाचही लागू असतील आणि ती “पाच” म्हणाली, तर ती उघडी पडली. म्हणून यादीत अशा गोष्टी घालाव्या लागतात ज्या एकाच घरात सगळ्या सहसा नसतात. यादी आळसाने केली असेल तर खरंच सापळा होतो. शिवाय ६०० घरांत यादीची चूक १६ टक्के इकडे-तिकडे जाऊ शकते, त्यामुळे इतक्या लहान सर्व्हेत मी ती वापरणारच नाही.

आता शेवटची ओळ, सगळ्यांनी ‘नाही’ म्हणायची. समजा हा मेसेज वाचून, एक पडलेल्या १०० जणींपैकी ५० जणी घाबरून ‘नाही’ म्हणाल्या. १८० चे १३० झाले. १०० वजा केले की ३० उरतात, ४०० मधले ३०, म्हणजे साडेसात टक्के. सोलापुरात मुलं विड्या वळायला फारशी बसतच नाहीत, असं कागदावर आलं. मग त्या मुलांसाठी संध्याकाळचा वर्ग किंवा शिष्यवृत्ती कोण मागणार? ६०० घरांत ‘हो’ ८० च्या खाली गेले तर निदान कळतं की फाशाचं कुणी ऐकलं नाही, कारण नुसता फासाच १०० च्या आसपास ‘हो’ देतो. पण १३० आले तर काही बिघडलंय हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

मावशीला सांगितलंय, नातवाचा फासा घे, सर्व्हेवाल्याला पाठ फिरवायला लाव, आधी “काल भाकरी केली होती का” अशा साध्या प्रश्नावर दोन-तीन वेळा टाकून बघ आणि एक पडला तर बिनधास्त ‘हो’ म्हण. ती म्हणाली, शेजारच्या तिघींना बोलावते, तूच येऊन दाखव. रविवारी जातोय.