आरसीचा फोटो बोलतो तो कार्ड छापल्या दिवसापुरता

"जुनी गाडी घेताना आरसीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवा. मालकाचे नाव, इंधन आणि नोंदणीची तारीख त्यातच कळते, आणि फायनान्सरचा रकाना कोरा असेल तर गाडीवर कर्ज नाही. आरटीओत खेपा कशाला घालायच्या?"

जुनी गाडी घेणाऱ्यांना मिळणाऱ्या या सल्ल्यातला सर्वांत घातक भाग कर्जाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आरसी म्हणजे कार्ड छापले गेले त्या दिवशीच्या सरकारी नोंदीची प्रत. नंतर नोंद बदलली तरी आधी काढलेला फोटो बदलत नाही. गेल्या वर्षी माझ्या मेव्हण्याला एका पेट्रोल मोटारीच्या आरसीचे असेच फोटो आले होते. नोंदणी जून २०१६ ची, मालक क्रमांक दोन आणि फायनान्सरचा रकाना कोरा होता. मात्र कार्ड दिल्याची तारीख फेब्रुवारी २०२० ची होती, म्हणजे त्यानंतरच्या वर्षांबद्दल तो कोरा रकाना काहीच सांगत नव्हता. विक्रेत्याला समोर बसवून त्याच्या मोबाइलवर डिजिलॉकरमधील आरसी उघडायला लावली, तेव्हा तिथे एका वित्तसंस्थेचे नाव दिसले. त्याने २०२२ मध्ये गाडी तारण ठेवून कर्ज घेतले होते आणि बोजा रीतसर चढला होता, पण फोटो त्याआधीच्या कार्डाचा होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५१ नुसार अशा गाडीची मालकी कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. पैसे आधी दिले असते तर गाडी दारात आणि नाव मात्र दुसऱ्याचे, अशी स्थिती झाली असती.

याच्या उलटही घडते. कार्डावर बँकेचे नाव दिसते, पण कर्ज कधीच फिटलेले असते. शेवटचा हप्ता भरल्याने शेरा आपोआप जात नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आरटीओत देऊन बोजा उतरवावा लागतो. विक्रेता "कर्ज फिटले आहे" म्हणत असेल, तर हे काम त्याच्याकडून व्यवहाराआधीच करून घ्यावे.

नोंदणीच्या तारखेबाबत अडचण वेगळी आहे. कार्डावर नोंदणीची, वैधतेची आणि कार्ड दिल्याची अशा तीन तारखा असतात, शिवाय निर्मितीचा महिना आणि वर्ष वेगळे असते. वरच्या उदाहरणात मेव्हण्याने झळाळीने पुसट झालेल्या फोटोतून २०२० ही नोंदणीची तारीख मानली आणि त्याच्या हिशेबात गाडी जवळजवळ चार वर्षांनी तरुण झाली. पडताळा सोपा आहे: खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे वैधता जून २०३१ पर्यंत असेल तर नोंदणी २०१६ चीच. नूतनीकरण झालेल्या गाडीला मात्र हा हिशेब लागू होत नाही.

इंधनाचा रकाना गाडीत काय बसवले आहे ते सांगत नाही, नोंदीत काय आहे ते सांगतो. नंतर सीएनजी किट बसवले, तर कलम ५२ नुसार तो बदल आरसीवर चढवावा लागतो आणि मग रकान्यात 'पेट्रोल/सीएनजी' असे येते. फोटोत नुसते 'पेट्रोल' असेल आणि डिकी उघडल्यावर सिलिंडर दिसला, तर किटची नोंद झालेली नाही किंवा फोटो नोंदीआधीच्या कार्डाचा आहे. नोंद झालेलीच नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी आक्षेप घेण्याची शक्यता राहते. म्हणून फोटो पाहिल्यावर डिकीही पाहावीच.

मालकाच्या नावाबाबत फोटो बराच उपयोगी असतो, हे मान्य आहे. पण कार्डावरचे नाव आणि समोर बसलेली व्यक्ती एकच आहे का, हे विक्रेत्याच्या ओळखपत्राशी ताडून पाहिल्याशिवाय ठरत नाही. नावापुढचा मालक क्रमांकही पाहावा. नंबर वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: गाडीच्या मालिकेतील अक्षरांत I आणि O वापरत नाहीत, त्यामुळे शेवटच्या चार आकड्यांजवळ गोल आकार दिसला तर तो O नसून बहुधा शून्य असतो.

आरटीओत खेप घालावीच लागते असे नाही, पण फोटोवर थांबूनही चालत नाही. parivahan.gov.in वर मोबाइल क्रमांकाने लॉगिन करून गाडीचा नंबर घातला की नोंदणीची तारीख, इंधन आणि कर्जाची स्थिती दिसते. तिथे मालकाचे नाव मात्र अर्धवट झाकलेले असते, म्हणून पूर्ण नावासाठी विक्रेत्याला त्याच्या स्वतःच्या डिजिलॉकरमधील आरसी तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्याने पाठवलेला स्क्रीनशॉट स्वीकारू नका. तोही एक फोटोच आहे, आणि तो कधीचा आहे हे त्यावरून बहुधा कळतही नाही.